न घेतलेल्या कूपनाचं बक्षीस : तुमच्याकडे आलंय का?

मृणाल_त : काल आईचं कपाट आवरताना एक जाड पिवळं पाकीट सापडलं आणि 2019 ची दिवाळी आठवली. पाकिटावर बाबांचं नाव, पत्ता, मोबाईल, सगळं बिनचूक. आत एका ऑनलाइन दुकानाच्या नावाचं स्क्रॅच कार्ड. बाबांनी नाण्याने खरवडलं, तर गाडी किंवा 12 लाख 80 हजार रोख! त्या दुकानातून त्यांनी कधी रुमालही घेतला नव्हता. फोन केला, तर आधी नोंदणीचे 6,500 मागितले, मग 'जीएसटी'चे 18,000. बाबांनी रोख रक्कम निवडली आणि दोन्ही भरले. आता थांबलो तर आधीचे बुडतील, असं म्हणायचे. तिसऱ्यांदा पैसे भरायला गेले, तेव्हा बँकेतल्या बाईंनी विचारलं, "काका, कंपनीला पैसे देताय ना, मग हे कुणा एका माणसाचं बचत खातं कसं?" तिथे थांबले. 24,500 गेले ते गेलेच. बाबा आठवडाभर जेवताना बोलत नव्हते.

सुहास_क : त्या बाईंना नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो, अशी खाती पाहिली आहेत. कमिशनवर कुणाचं तरी वापरायला घेतलेलं खातं असतं, पैसे काही मिनिटांत पुढे जातात. म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही. आणि बक्षिसावर 30 टक्के कर असतो हे खरं, पण रोख असेल तर देणारा तो कापून उरलेले देतो.

प्राजू : म्हणजे खरी कंपनी कधीच आधी पैसे मागत नाही!

सुहास_क : तसं सरसकट नाही हो ताई. गाडी बक्षीस असेल तर कर भरला गेल्याशिवाय ती द्यायची नाही असा नियम आहे, तेव्हा विजेत्याकडून कर घेतात.

प्राजू : मग ओळखायचं कसं?

दत्ता_सांगली : आमच्या मामांना राज्य लॉटरीचे 500 लागले होते. तिकीट गाथेत जपून ठेवलेलं.

वैशू : दत्तादादा, मामांनी तिकीट घेतलं होतं, फरक तिथेच आहे 🙂 मला 'सिमकार्ड लकी ड्रॉ, 25 लाख' आलं होतं व्हॉट्सअॅपवर. नंबर +92 ने सुरू, म्हणजे पाकिस्तानचा कोड. कुकर लावला होता म्हणून ऐकलं नाही, नंतर लक्षात आलं.

अनघा_प : सासूबाईंचे असेच गेले. सहा महिन्यांनी पुन्हा फोन, 'सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फाइलचे 2,000 भरा.' फसलेल्यांची यादी पुढे विकतात बहुतेक. त्यांनी तेही भरले. घरात कुणी रागावलं नाही, म्हणून निदान सांगितलं तरी.

प्राजू : पण नाव-पत्ता मिळतो कुठून?

सुहास_क : ते मलाही नीट कळलेलं नाही. मृणाल, पाकिटावर टपालाचा शिक्का आहे का?

मृणाल_त : आहे, पुसट. 'कोल' एवढंच दिसतंय. थांबा, बाबांचं भिंग आणते.