मदत हवी आहे: गळकी, पाणी घातलेली परफ्यूमची बाटली, तक्रारीचं पत्र कसं लिहू?

ताईच्या वाढदिवसासाठी १०० मिलीची परफ्यूमची बाटली ऑनलाइन मागवली. खोका उघडला तर आतला पुठ्ठा ओला, आणि बाटली जवळजवळ पाव रिकामी. पंपाखालची धातूची पट्टी बोटाने फिरते. चांगल्या बाटलीत ती काचेवर घट्ट दाबून बसवलेली असते, त्यामुळे कुणीतरी ती आधी उघडली असावी असा माझा संशय आहे. उरलेलं अत्तर दुधाळ दिसतं. अल्कोहोलमध्ये विरघळलेलं सुगंधी तेल जास्त पाणी पडलं की असंच वेगळं होतं. वासही अर्ध्या तासात उडतो. शिवाय खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीच्या तळाचा नंबर जुळत नाहीत, मला हाच सर्वांत पक्का पुरावा वाटतो.

विक्रेत्याला पाठवायचा मजकूर असा लिहिलाय:

"महोदय, आपण पाठवलेली बाटली गळकी असून आतील द्रव भेसळयुक्त दिसतो. दोन्ही बॅच नंबर, पट्टी व ओल्या खोक्याचे फोटो जोडले आहेत. कृपया पूर्ण रक्कम परत करावी किंवा सीलबंद बाटली बदलून द्यावी. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार ४८ तासांत तक्रारीची पोच व एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे."

'भेसळयुक्त' हा शब्द ठेवू की फक्त लक्षणं लिहू? बदली बाटलीही तशीच आली तर, म्हणून फक्त पैसेच मागावेत का? आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार आत्ताच करू की उत्तराची वाट पाहू? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.