विषय: रात्री आठची मालिका आणि आठलाच येणारं पाणी (सोलापूरहून)

सुजाता:
नमस्कार मंडळी, मी सध्या सोलापुरात आईबाबांकडे आहे, जुळे सोलापूरला. इथे चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि आमच्या भागात नेमकं रात्री आठच्या सुमारास, त्यामुळे आई मोटार, पिंप, घागरी यात अडकते आणि तिच्या मालिकेचा पहिला अर्धा भाग गेलेला असतो. आपल्याकडे तिकडे रिमोटवर बटण दाबलं की चालू कार्यक्रम पहिल्यापासून लागतो, तसं इथल्या डिशच्या बॉक्सवर होतं का? वायफाय घरात आहे.

प्रसाद:
होतं की. लाइव्ह चालू असताना रिमोटवरचं मागे जायचं बटण दाबून धर, सगळ्या नव्या बॉक्समध्ये ते असतं. माझ्या सासऱ्यांकडे पंढरपूरला असंच बघतात.

मिलिंद काका:
प्रसाद, तू म्हणतोस ते रेकॉर्डिंगवाल्या बॉक्सचं. तो बॉक्स समोर चालू असलेलं चॅनेल स्वतःच्या डिस्कवर साठवत असतो, म्हणून मागे जाता येतं, पण ते चॅनेल लावलं त्या क्षणापर्यंतच. आठला बॉक्स बंद होता किंवा बाबा बातम्या बघत होते, तर मागे जायला काहीच नाही, आणि मधेच चॅनेल बदललं किंवा लाइट गेली की बहुतेक बॉक्सवर साठलेलं पुसलं जातं. घरी तसला बॉक्स असेल तर आईंनी मालिकेचं चॅनेल आधीच लावून ठेवून पाण्याला जावं, टीव्ही बंद केला तरी चालेल, बॉक्स मात्र चालू हवा.

सुजाता, तुला हवंय ते वेगळं. डिशवरून सिग्नल फक्त खाली येतो, बॉक्स वर काही मागू शकत नाही, त्यामुळे सुरुवातीपासून लावायचं तर ते इंटरनेटवरूनच येणार. ओळखायचं असं: गाइड उघड आणि डावीकडे, म्हणजे होऊन गेलेल्या वेळेकडे जाऊन बघ. जाता आलं आणि कार्यक्रमावर गोल वळलेला बाण किंवा Start Over असं दिसलं, तर सोय आहे. आत्ताच्या वेळेच्या मागे गाइड जातच नसेल तर त्या बॉक्सवर नाही, मग चॅनेलचं अ‍ॅप हाच मार्ग. झी मराठीच्या मालिका झी5 वर असतात, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर.

शैला मावशी:
मिलिंद, माझंही सांग ना रे. मी इथे परदेशात जिओटीव्ही लावते, भारतात असताना त्यात मागच्या सात दिवसांचं सगळं दिसायचं, इथे उघडतच नाही. फोन नवीन घ्यावा लागेल का?

सुजाता:
काका, बाण दिसला! आधी दिसत नव्हता कारण बॉक्स वायफायला जोडलेलाच नव्हता, चॅनेलं डिशवरून चालत होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. काल आई हात पुसत पावणेनऊला येऊन बसली आणि बाण दाबल्यावर मालिका आठपासून सुरू झाली, इतकं बरं वाटलं तिला. पण रविवारचा महाएपिसोड आज मागे जाऊन लावला तर सुरुवातीला आधीच्याच कार्यक्रमाचा शेवट दिसला, आणि शेवटी सुनेच्या हातात ते पत्र येतं तिथेच बंद पडला. नेट चांगलं चालू होतं.

मिलिंद काका:
नेटचा दोष नाही. सर्व्हर कार्यक्रम कापतो तो बऱ्याचदा गाइडमध्ये छापलेल्या वेळेवर, प्रत्यक्ष कधी सुरू झाला त्यावर नाही. समज गाइडला आठ ते नऊ आहे आणि चॅनेलने दाखवला आठ वाजून चार मिनिटांनी सुरू करून नऊ वाजून सहा मिनिटांपर्यंत, तर तुझ्या तुकड्यात पहिली चार मिनिटं दुसऱ्याची आणि शेवटची सहा मिनिटं गायब. ती हरवलेली नाहीत, गाइडमध्ये नऊचा कार्यक्रम उघड, त्याच्या सुरुवातीलाच पत्राचा उरलेला भाग असेल. महाएपिसोड आणि पुरस्कार सोहळे यांत हे हमखास होतं, रोजच्या अर्ध्या तासात कमी. आणि उशीर नको, अशा बॉक्सवर साधारण आठवडाभरच राहतं, रविवारचं पुढच्या रविवारी निघून जातं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र हे लावू नका, एचडीत तासाला दीड-दोन जीबी सहज जातो आणि रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर पत्र उघडायच्या आत संपेल.

शैलाताई, फोन बदलू नका. जिओटीव्ही भारतातच चालतं, दाखवायचे हक्क देशापुरते घेतलेले असतात. तुमच्या देशासाठी झी5 चं वेगळं सबस्क्रिप्शन मिळतं, त्यात झी मराठीचं बघता येईल.

सुजाता:
मिळालं, नऊच्या कार्यक्रमात होतं! आईने ते दोनदा बघितलं. आता बाबांचा प्रश्न, क्रिकेटच्या मॅचवर बाण येतच नाही, वायफाय चालू असूनही.

मिलिंद काका:
मॅचचे हक्क वेगळे विकलेले असतात, त्यामुळे बऱ्याच बॉक्सवर खेळाच्या चॅनेलची ही सोय बंद ठेवतात, तुझ्या बॉक्सवर तसंच दिसतंय. ज्या अ‍ॅपवर ती मॅच दाखवतात तिथे बघ.

प्रसाद:
पण सासऱ्यांच्या बॉक्सवर मॅच मागे जाते, मी स्वतः बघितलंय.

मिलिंद काका:
ते डिस्कवालं मागे जाणं असेल. मॅच सुरू झाल्यानंतर बॉक्स लावून सुरुवातीपर्यंत जाता येतं का, तेवढं त्यांना विचारून कळव.

शैला मावशी:
आणि सह्याद्री वाहिनीचं काय? ती तर फुकट असते ना?