तिरुपतीचा केसांचा नवस: बायका आणि लेकरांनी काय धरून चालावं?

गोविंदभक्त सांगली
दिवाळीनंतर तिरुमलाला जाणाऱ्यांसाठी चार शब्द. केसांचा नवस म्हणजे दहा मिनिटांचं काम. सगळं मोफत, सगळं स्वच्छ. बायकांनी उगाच लाजू नये, मुंडणाऐवजी नुसत्या तीन बटा कापून द्यायची पळवाट काढू नये, सरळ पूर्ण केस द्यावेत. देवाच्या दारात लेकरंसुद्धा रडत नाहीत. बसा, उठा, आंघोळ करा, दर्शनाला लागा.

विश्रामबागची सून
दहा मिनिटं पुरुषाच्या डोक्याला लागतात, दादा. माझ्या नणंदेचा नवस होता, सोबत तिची चार वर्षांची मुलगी आणि अजून जावळ न काढलेला मुलगा. मी बरोबर होते म्हणून लिहिते.

मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसनं गेलो, खाली तिरुपतीत उतरून बसनं डोंगर चढलो. केस काढायच्या जागी, कल्याणकट्ट्यावर, काउंटरला टोकन आणि ब्लेड घेतलं, तिथवर सगळं तुम्ही म्हणता तसंच. मग बायकांच्या बाजूला गेलो आणि भाऊजी पलीकडे पुरुषांत. म्हणजे दोन्ही लेकरं आमच्याकडं. आई डोकं वाकवून नाभिकापुढं बसलेली असताना ती कुणी धरायची, हे तुमच्या चार शब्दांत कुठंय? मी नसते तर नणंदेनं काय केलं असतं? लहान मुलगा असेल तर आधी त्याला बापाच्या ताब्यात द्या, नाहीतर आणखी एक बाई सोबत न्या.

नणंदेचे केस कमरेपर्यंत. आधी ते भिजवायचे, मग दोन भाग करून गाठी मारायच्या, आणि मग मधूनच वस्तारा चालतो. मान खाली घालून बसलं की बारीक केस पाठीत, ब्लाउजमध्ये जातात. टोचतात म्हणजे किती टोचतात! दर्शन लगेच नसतं, रांगेत तासन्‌तास जातात, म्हणून आंघोळ करून अंगावरचं सगळं बदलायला कपड्यांचा पूर्ण जोड, जाड टॉवेल आणि डोक्याला बांधायला सुती रुमाल आधीच वेगळ्या पिशवीत हवा. आम्ही बॅग लॉकरमध्ये ठेवली होती आणि लॉकरच्या चाव्या भाऊजींच्या खिशात, ते पलीकडं.

आणि लेकरं रडत नाहीत? आमच्या चिमीनं असा टाहो फोडला की तिच्या आईचं अर्धं डोकं झालेलं असताना आई उठून उभी राहिली.

पुढं पैसे. सेवा मोफतच आहे, पण काम झाल्यावर तिथली बाई "गोविंदा, गोविंदा" म्हणत हात पुढं करून बसली. आपण देवाला केस देऊन उठलेलो, नाही कसं म्हणायचं? फुकट म्हणून गेलेल्या माणसाला हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

गोविंदभक्त सांगली
म्हणजे देवस्थानात खोट काढायचीच ठरवून लिहिलंत. लाखो माणसं जातात, कुणाला असा त्रास झाल्याचं ऐकलं नाही. आणि तीन बटांबद्दल माझं मत कायम आहे. श्रीनिवासाच्या डोक्याला जखम झाली, तिथं केस उगवेनात, तेव्हा गंधर्वकन्या नीलादेवीनं स्वतःचे केस दिले. ती लाजली नाही. नवस पूर्ण बोलायचा आणि अर्धा फेडायचा, हा देवाशी हिशेब झाला.

विश्रामबागची सून
त्या गोष्टीत नीलादेवी आपल्या केसांतली बटच कापून देते, दादा. गोष्ट तुमचीच, नीट वाचा. तीन बटा देणाऱ्या बाया तिथं रोज असतात आणि तिथल्या बायका निमूट कात्री चालवतात. तेलुगूत "मूडु कत्तेरलु", म्हणजे तीन कात्र्या, एवढं म्हटलं की कळतं त्यांना. आक्षेप घेणारं माणूस मला फक्त इथं दिसलं.

मिरजेचा नाभिक
मी पिढीजात धंद्यातला. तिरुमलाला स्वतः मुंडण केलंय आणि तिथल्या हातांचं काम बारकाईनं बघितलंय. एक सांगतो. तिथल्या बऱ्याच कारागिरांना डोक्यामागं पैसे मिळत आलेत. एक डोकं झालं की लगेच दुसरं, म्हणून हात फास्ट चालतो. तुम्ही घाईत बसलात तर तोही घाईतच करणार. ताईंनी हात पसरल्याचं लिहिलं ते खरंय. सक्ती मात्र नाही. हात जोडून उठलं तर कुणी अडवत नाही. ताईंना संकोच वाटला, तो मी समजू शकतो.

बघायचं ते ब्लेड. काउंटरवर मिळालेलं ब्लेड आपल्या हातानं त्याला द्या आणि होल्डरमध्ये तुमच्यासमोरच घालायला लावा. आधीचं अर्धं ब्लेड होल्डरमध्ये असेल तर काढायला सांगा. काविळीचा बी प्रकार रक्तातून जातो, त्यामुळं हा हट्ट माणुसकीत बसतो. होल्डर डेटॉलच्या पाण्यात बुडवून घ्या म्हटलं तर कुणी रागवत नाही.

लेकराचं डोकं वेगळं. पहिली गोष्ट, भिजवणं. केस पाण्यात नीट मऊ झाल्याशिवाय वस्तारा लावू द्यायचा नाही, कारण कोरडा केस ओढला जातो आणि पोर त्याच क्षणी डोकं झटकतं. दुसरी, उलटा हात. वरून खाली, केसाच्या वळणानं एकदा फिरवला की पुरे. गुळगुळीत व्हावं म्हणून खालून वर दुसरा हात मारतात, त्यानं बारीक पुरळ येतं आणि पोराची कातडी तर पातळच. "नेम्मदिगा" म्हणा, हळू म्हणून समजतं. तिसरी, टाळू. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाची टाळू भरलेली नसते, तिथं हात दाबून वस्तारा चालवायचा नाही. टाळू बोटाला मऊ लागते, आईनंच कारागिराला दाखवून द्यायची. चिरतं ते बहुतेक कानामागं आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. चिरलं तर स्वच्छ कापूस दाबून धरा आणि तेवढ्या जागेवर चंदन लावू नका. बाकी डोक्याला लावा, गार वाटतं.

बसवायची पद्धत पण सांगतो. मोठ्या माणसानं पोराला मांडीत पाठमोरं न घेता कारागिराकडं तोंड करून घ्यायचं, त्याचे पाय आपल्या पायांत, हात टॉवेलखाली. एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली. भुकेलं आणि झोपेला आलेलं पोर कुणाच्या बापाला आवरत नाही. आधी खायला घाला, तासाभरानं न्या.

तासगावची ताई
खूप उपयोगी माहिती. मला एवढंच विचारायचं, आमच्याकडं जावळ पालीच्या खंडोबाला काढतात, तारळी नदीवर. तिथं मामाच्या मांडीवर बसवतात. तिरुपतीला मामा लागतो का? माझा भाऊ दुबईला असतो आणि सासूबाई म्हणतात मामाशिवाय चालणार नाही. पालीला आमचा नाभिक ठरलेला आहे, तो नारळ आणि पोशाख घेतो. मागच्या खेपेला तर त्यानं पुतण्याच्या जावळाला...

कराडचा आगरकरी
मामा, नारळ, पोशाख, सगळं बाजूला ठेवा. मला गोविंदभक्तांना विचारायचंय, बाईला डोकं भादरायला सांगताना जीभ अडखळली नाही का? कराडजवळच्या टेंभूचे आगरकर विधवांच्या केशवपनावर आसूड ओढत राहिले. १८९० साली मुंबईत नाभिकांनीच हे काम नाकारायची भूमिका घेतली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं. ज्या राज्यात बायकांच्या डोक्यावरून एवढी लढाई झाली, तिथल्या माणसानं "लाजू नका, पूर्ण केस द्या" म्हणावं?

गोविंदभक्त सांगली
आलात का? सगळीकडं तुम्हाला विधवाच दिसतात. ती बाई स्वतःच्या मनानं देते. कुणी बळजबरी करत नाही. आंध्रात, तमिळनाडूत सवाष्ण बाया पूर्ण केस देतात आणि हसत घरी जातात. तुमचं पुरोगामित्व बाईला तिच्या मनासारखं करू देत नाही.

विश्रामबागची सून
हे मात्र तुम्ही बरोबर बोललात, दुर्दैवानं. तिथं कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि डोकं गुळगुळीत अशा बायका बघितल्या, कुणाला काही वाटत नाही. पण त्या तिथल्या. माझी नणंद आली सांगलीला. चौकात भाजीवालीनं विचारलं, "काय ओ, भावजींचं काय झालं?" भाऊजी शेजारी उभे, टकलू. म्हणून म्हणते, नवस बोलतानाच पुढच्या चार-सहा महिन्यांचा विचार करा. केस वाढेपर्यंत लग्नकार्य, नोकरी, शाळेतले पालक, सगळ्यांना तेच तेच सांगावं लागतं. नणंदेनं जिद्दीनं सगळं निभावलं, पण तिच्या सासूनं हळदीकुंकवाला तिला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. घरच्या माणसानं, बरं का.

कराडचा आगरकरी
हेच तर सांगतोय! आतल्या खोलीत बसवलं ते कुठल्या काळातनं आलं?

विश्रामबागची सून
आणि उपाय काय, नवसच बोलायचा नाही? नणंदेनं पोराच्या आजारपणात बोललाय, काका. त्या रात्री तुम्ही नव्हता तिथं. लढायचं तर तिच्या सासूशी लढा. गावात सगळ्यांना व्याख्यान द्यायला सोपं जातं.

कराडचा आगरकरी
मी कुणाच्या सासूशी भांडायला येणार नाही, माझीच एक पुरली. पण तिला आत बसवलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात, एवढंच विचारतो.

विश्रामबागची सून
नाही बसले. शेजारी जाऊन बसले आणि हळदीकुंकू तिथंच मागवलं. पुढचं बोलणं घरातलं आहे.

गोविंदभक्त सांगली
चर्चा कुठून कुठं गेली. बरं, टॉवेल, रुमाल, कपड्यांचा जोड आणि बापाकडं मुलगा, एवढं मूळ पोस्टमध्ये घालतो. तीन बटा देणाऱ्यांना देवानं माफ करावं, मी कोण? अडचण आली आणि आधी काढलेलं दर्शनाचं तीनशेचं तिकीट हातचं गेलं तर बायकांनी मला बोलू नका, एवढंच.

मिरजेचा नाभिक
तिकिटाच्या भानगडीत मी पडत नाही. पण ताईंचं मामाचं राहिलं. तिरुमलाला मामा कुणी विचारत नाही, बाप धरला तरी चालतो, आजोबा धरले तरी चालतं. पालीला मामा लागतो तो तुमच्या घरच्या रीतीनं. सासूबाईंना हवं असेल तर दुबईच्या भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या, पण फोन धरणारा हात कपाळ धरणाऱ्या हाताचा नसावा.

तासगावची ताई
सासूबाई म्हणतात व्हिडिओवरचा मामा धरत नाहीत. पण चुलत भाऊ चालेल म्हणतात. तो मिरजेतच असतो.