घटस्फोट चालू असलेल्या मैत्रिणीला तुम्ही काय लिहिलं होतं? (अनुभव)

वेंगुर्ल्याची_माई
काल भाचीचा फोन आला होता. तिच्या मैत्रिणीची म्युच्युअलची केस लागली आहे. "माई, तिला काय लिहू? चार वेळा लिहून पुसलं," म्हणाली. मला माझी मालवणची मैत्रीण आठवली. तिची तारीख ओरोसला असायची. त्या दिवसांत तिच्या फोनवर येणारे मेसेज ती मला वाचून दाखवायची. बहुतेकांत हेच असायचं: बरं झालं सुटलीस, पहिल्यापासून तो आम्हाला पसंत नव्हता, तुझ्या जागी मी असते तर एक दिवस राहिले नसते. फोन बाजूला ठेवून ती म्हणायची, "म्हणजे अकरा वर्षं मी आंधळी होते असं म्हणतायत सगळे."

मी तारखेच्या आदल्या रात्री तिला लिहिलं होतं ते असं:

"बाय, उद्या तारीख आहे, लक्षात आहे माझ्या. साडेनऊला स्टँडवर डबा घेऊन उभी असेन. गाडीत बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर गप्प बसून जाऊ. लेकीला शाळेतून माझी जाऊ आणेल, तिला विचारून ठेवलंय. उत्तरात फक्त 'ये' किंवा 'नको' लिही, नको म्हटलंस तरी चालेल."

'ये' आलं. तेवढंच. तुम्ही काय लिहिलं होतं, किंवा तुम्हाला कोणी काय लिहिलेलं लक्षात राहिलं, ते सांगा. भाचीला वाचायला देणार आहे.

बांगडो
माझी मानलेली भयण आसा. तेच्याच घरातलां हां. मी रोज रातीक एकच लिवतंय, "जेवलंस काय गो?" ती 'होय' म्हणता. कधी 'नाय'. नाय म्हटल्यान की बायको डबो घेवन जाता. आमी तेच्या घोवाचा नावच काढूक नाय अजून.

दापोलीकर_सायली
बांगडो, किती छान! माई, डब्यात काय होतं? 😊

वेंगुर्ल्याची_माई
घावणे आणि चटणी. गार झाले तरी खाता येतात म्हणून. कोर्टात नाव कधी पुकारतील नेम नसतो, अडीच वाजले होते त्या दिवशी.

समुपदेशक_निवृत्त
मी बरीच वर्षं कोर्टात विवाह समुपदेशक म्हणून काम केलं. माईंनी त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, त्याचं महत्त्व अशा केसमध्ये फार असतं. वर्षभर वेगळं राहिल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली दोघं मिळून अर्ज करतात. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि मग पुन्हा दोघांनी हजर राहून "हो, हेच हवं आहे" असं सांगायचं. मधल्या काळात दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि लोक घेतातही. परत एकत्र राहायला गेलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांना नवऱ्याला किंवा बायकोला तोंड दाखवणं जड जात नव्हतं, जड जात होतं ते "तो माणूसच नालायक" असं लिहून बसलेल्या मित्रमैत्रिणींना. मग त्यांनी मित्रच टाळले.

दुसरी गोष्ट, केस भांडणाची असेल तर फोनमधले संदेश पुरावा म्हणून कोर्टात येतात. "धडा शिकव त्याला" हे तुमचं वाक्य, त्याखालच्या तिच्या रागाच्या उत्तरासकट, मुलांच्या ताब्याच्या वादात समोरचा वकील वाचून दाखवू शकतो.

रत्नांग्री_०८
पण ते सहा महिने आता रद्द झालेत ना? सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये काढून टाकले. माझ्या मित्राला मी तेच लिहिलं, टेन्शन नको, आता लगेच होतं.

समुपदेशक_निवृत्त
रद्द नाही झालेले. २०१७ च्या निकालाने एवढंच झालं की योग्य प्रकरणात कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, पोटगी आणि मुलांचं सगळं ठरलेलं असावं लागतं आणि समेटाची आशा उरलेली नाही हे कोर्टाला पटावं लागतं. सहा महिने न थांबता थेट घटस्फोट देता येतो असं सांगणारा २०२३ चा निकाल आहे, तो सुप्रीम कोर्टाच्या स्वतःच्या खास अधिकाराचा, आपल्या जिल्ह्याच्या कोर्टाला तो अधिकार नाही. मित्र 'लगेच होईल' धरून बसला असेल तर प्रत्येक पुढच्या तारखेला खचेल. वकिलाचं काम वकिलाकडे राहू द्या, आपण तारीख लक्षात ठेवावी.

रत्नांग्री_०८
बरं झालं विचारलं. आजच फोन करतो त्याला.

देवगड_हापूस
पोटगीची रक्कम पगाराच्या किती टक्के असते? माझ्या भावाची केस आहे, सहा तारखेला भरायची आहे.

दापोलीकर_सायली
हापूसदादा, इथे मैत्रिणीला काय लिहायचं ते चाललंय. भावाच्या वकिलांनाच विचारा ना.

मला मदत हवी आहे. कॉलेजची मैत्रीण, आता चिपळूणला असते. तिच्या दादाकडून कळलं. हे लिहून ठेवलंय, पाठवू का?

"ऐकून धक्का बसला. पण तू खूप स्ट्राँग आहेस. जे होतं ते चांगल्यासाठीच. त्याला तुझी किंमतच कळली नाही. वकील चांगला बघ, पोटगी सोडू नकोस. काही लागलं तर कधीही सांग."

हर्णैचा_पोरगा
थांब, पाठवू नको. माझा घटस्फोट झालाय म्हणून सांगतो. यातली सगळी वाक्यं मला आली होती. 'स्ट्राँग आहेस' वाचलं की त्या माणसासमोर रडायची सोय संपते. 'चांगल्यासाठीच' हे आपण स्वतः कधीतरी म्हणू, दुसऱ्याने आत्ता म्हणू नये. आणि 'किंमत कळली नाही' वाचून मी तिचीच बाजू घ्यायला लागलो होतो! मित्र मला बसवून तिला शिव्या घालायचे. माझ्या मुलीची आई आहे ती. मी मान खाली घालून ऐकायचो आणि घरी येऊन झोप लागायची नाही.

एकाच मित्राने बरोबर केलं. जूनची मासेमारी बंदी होती, होडी वर ओढलेली. त्याने लिहिलं, "जाळी दुरुस्त करायला माणूस कमी आहे, सकाळी ये." बस. दोन महिने रोज गेलो. हाताला काम असलं की समोर बघून बोलावं लागत नाही. कधी अर्धा तास बोललो, कधी दिवसभर काहीच नाही. त्याने एकदाही विचारलं नाही की चूक कोणाची.

वेंगुर्ल्याची_माई
पोरा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता बरा आहेस ना? मुलगी भेटते?

हर्णैचा_पोरगा
दर शनिवारी, माई. आता सायकल शिकतेय.

समुपदेशक_निवृत्त
सायली, 'काही लागलं तर सांग' याबद्दलही थोडं. मनाने चांगलं आहे ते, पण काय लागेल ते शोधायचं, कोणाकडे मागायचं, मागावं की नाही, हे सगळं काम तिच्यावर पडतं. तुला जे खरंच जमणार आहे ते एकच, दिवस आणि वेळेसकट लिही. आणि तुला कळलं कुठून तेही सांग. गावात अशा वेळी माणसाला सगळ्यात मोठा घोर असतो की कोणाकोणाला कळलंय आणि काय बोललं जातंय.

दापोलीकर_सायली
असं केलंय:

"तुझ्या दादाकडून कळलं. मी कोणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. काय झालं ते विचारत नाही, सांगावंसं वाटलं तर ऐकायला आहे. रविवारी चिपळूणला येतेय, अकरा ते चार मोकळी आहे. तुझ्याकडे येऊ, बाहेर भेटू की या वेळी नको? उत्तर सावकाश दे, नाही दिलंस तरी मला राग नाही."

समुपदेशक_निवृत्त
पाठव. आणि उत्तर आलं नाही तर लगेच 'रागावलीस का' विचारू नकोस. आठ-दहा दिवसांनी साधंच काहीतरी पाठव, तुमच्या अंगणातल्या चाफ्याचा फोटोसुद्धा चालेल.

कुडाळची_वहिनी
मुलं शाळेत गेली म्हणून आत्ता वाचतेय. आमच्याकडे प्रश्न आला तो गौरीच्या वेळी. शेजारची मुलगी त्या वर्षी परत माहेरी आली होती. ओवसे भरायला सगळ्या सुना-लेकी जमणार, तिला बोलवावं की नको? सासूबाई म्हणाल्या, न बोलावणं वाईट. मी लिहिलं, "गौरीला आमच्याकडे जेवायला ये. ओवशाच्या वेळी यायचं की नंतर पंगतीला, की दुसऱ्या दिवशी, हे तुझं तू ठरव. पान वाढून ठेवते." ती पंगतीला आली.

सागरवेळ
मला नाही पटत वहिनी. त्या दिवशीचं आमंत्रणच नको. घरभर हिरवे चुडे आणि ती एकटी. माझ्या बहिणीला असं बोलावलं होतं, आठवडाभर खोलीबाहेर आली नाही.

कुडाळची_वहिनी
तुमचंही खरं असेल. माणसामाणसावर आहे. तिला मात्र न बोलावलेल्या घरांचंच वाईट वाटलं होतं.

सागरवेळ
आणि दुसरं. नवरा मारत असेल तर? तेव्हाही 'त्याच्याबद्दल बोलू नका' म्हणायचं? मग आपण मैत्रिणी कसल्या!

समुपदेशक_निवृत्त
तेव्हा गप्प राहायचं नाही. पण तेव्हाही 'तो राक्षस आहे' लिहून उपयोग नसतो, बऱ्याच जणी तेवढ्यावर त्याची बाजू सावरतात आणि पुढचं सांगायचं बंद करतात. विचारायचं तिच्याबद्दल: "आज रात्री तिथे राहणं तुला सुरक्षित वाटतं का? माझ्याकडे यायचं का?" मात्र लिहून नव्हे, फोन करून किंवा भेटून, कारण फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. महिलांसाठी १८१ आहे, धोका समोर असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे तिच्यासोबत जाता येतं.

बांगडो
माई, आनी ती सोताच घोवाक गाळी घालूक लागली तर? 'होय गो, तसोच तो' म्हणूचा काय?

वेंगुर्ल्याची_माई
मी नव्हते म्हणत. "ऐकूनच मला जड झालं, तुला काय होत असेल. बोल अजून," एवढंच. का ते सांगते. पुढे तिच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. केस चालू होती तरी ती बघायला गेली, दोन रात्री दवाखान्यात बसली. हे तिने फक्त मला सांगितलं. ज्यांनी त्या घराला नावं ठेवली होती त्यांना सांगायची तिला चोरी झाली होती. आज राग, उद्या माया, परवा दोन्ही, असं वर्षभर चालतं. आपण आजच्या रागावर शिक्का मारून मोकळं होऊ नये.

रत्नांग्री_०८
माझी अडचण वेगळी. ते दोघंही माझे मित्र. ती विचारते तो कसा आहे, तो विचारतो ती काय म्हणते.

हर्णैचा_पोरगा
निरोप पोचवू नको. माझ्या वेळी एकाने पोचवले, दोन्हीकडून वाईट झाला.

समुपदेशक_निवृत्त
दोघांनाही एकच सांगा, "तुझं माझ्याकडे राहील, त्याचं किंवा तिचं मी इकडे आणणार नाही." आणि पहिल्यांदा कोणी खोदून विचारेल तेव्हा ते पाळा.

रत्नांग्री_०८
मेमध्ये मुलाची मुंज आहे. पत्रिका दोघांना द्यायची?

कुडाळची_वहिनी
दोघांना वेगवेगळी द्या. आणि दुसऱ्यालाही बोलावलंय हे दोघांना आधी सांगा, मांडवात अचानक समोरासमोर नको.

देवगड_हापूस
माझ्या भावाचं कोणीच सांगितलं नाही. असो. त्याला आज रात्री जेवायला बोलावतो.