अनुभव धागा : परदेशवारीची विमा पॉलिसी तुम्ही कशी वाचता?

सुरंगी (कुडाळ)
आईबाबा जुलैत म्युनिकला निघालेत. कुडाळहून रेल्वेने मुंबई, तिथून दोहामार्गे विमान. पॉलिसी हातात आहे. व्हिसावाल्यांना 30,000 युरोचं वैद्यकीय कवच दिसलं, त्यामुळे त्यांचं काम झालं. आमचं अजून झालेलं नाही. बॅग, उशीर आणि आजारपण ही तीन कलमं कुठून वाचायची ते माहीतगारांनी सांगावं. "एजंटला विचार" हे उत्तर नको, विचारून झालंय.

खाडीकाठ
बॅगेपासून सुरू करतो, कारण तिथेच लोक सर्वात जास्त फसतात. पॉलिसीत बॅगेची दोन वेगळी कलमं असतात, एक उशिराचं आणि एक हरवण्याचं. बॅग उशिरा आली तर हरवण्याच्या कलमातली मोठी रक्कम विसरायची. उशिराच्या कलमात बहुधा 100 डॉलरच्या आसपास मर्यादा असते, तीही 12 तास उलटल्यावर आणि त्या वेळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या बिलांपुरती.

धरून चाला की विमान दुपारी 2 वाजता म्युनिकला उतरायचं होतं आणि बॅग दुसऱ्या दिवशी रात्री 9 वाजता घरी आली. म्हणजे 31 तास. मधल्या वेळात बाबांचे दोन जोड कपडे 58 युरोंचे आणि साबण, ब्रश, दाढीचं सामान 14 युरोंचं घेतलं. हे 72 युरो सहसा मंजूर होतात. त्याच बिलावर नातवासाठी 35 युरोंची सॅक असेल तर ती कापली जाते. म्हणून भेटवस्तूंचं बिल वेगळं करून घ्या, नाहीतर तपासणारा पूर्ण बिलावर शंका घेतो.

हे 31 तास सिद्ध करायला दोन कागद लागतात. सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर बॅग आली नाही म्हणून नोंदवलेला तक्रारीचा कागद, म्हणजे `PIR`, हा पहिला. त्यावर बॅगेच्या टॅगचा नंबर आणि एक फाईल नंबर असतो, तो न घेता हॉलबाहेर पडू नका. दुसरा म्हणजे बॅग पोचवणाऱ्या कुरियरची पावती, तारीख आणि वेळेसह. वेळ छापलेली नसेल तर त्याच्यासमोर पेनाने लिहून सही घ्या. दुसरा कागद नसला की दावा अडकतो.

कोकमसार
बॅग हरवली तर दुप्पट फायदा! विमान कंपनीही देते, विमावालेही देतात.

खाडीकाठ
अर्धं बरोबर. मागता दोघांकडे येतं. पण नुकसानभरपाईच्या पॉलिसीत विमान कंपनीने दिलेली रक्कम वजा करून उरलेलं देतात. ठरावीक रक्कम देणारे प्लॅनही असतात, तिथे वजावट आहे का ते कलमातच बघावं लागेल.

आणि हरवण्याच्या कलमात 500 डॉलर लिहिले म्हणजे 500 मिळतात असंही नाही. खाली बारीक अक्षरात पाहा, एका बॅगेला 50 टक्के आणि एका वस्तूला 10 टक्के अशी मर्यादा बऱ्याच पॉलिसींत असते. म्हणजे दोनपैकी एकच बॅग गेली तर 250 डॉलर आणि आतल्या नव्या कोटाचे फार तर 50. दागिने, रोख, कागदपत्रं आणि नाशवंत माल बहुधा वगळलेला असतो. आंबापोळी आणि कुळथाच्या पिठाचा हिशोब मांडू नका.

तिठ्यावरचो (वेंगुर्ले)
माका एक सांगा. झील मस्कताक नोकरीक आसा. येताना मोपाक उतारलो, बॅग इली नाय. तिसऱ्या दिवशी घराक इली, पण चेन तुटलेली आणि अत्तराचे बाटले गायब. सही करून घेतली. आता विमो मिळतलो?

खाडीकाठ
तुमचा प्रश्न धाग्याच्या थोडा बाहेरचा आहे, पण उत्तर देतो. विम्याकडून आशा कमी. एक तर उशिराचं कलम बहुतेक पॉलिसींत परदेशात पोचतानाच लागू असतं, भारतात परततानाचा उशीर वगळलेला असतो. दुसरं, हरवण्याचं कलम पूर्ण बॅग गेली तरच चालतं, आतलं थोडं गेलं तर नाही. आणि पॉलिसी प्रवासाची होती की तिथल्या कंपनीने नोकरीसाठी दिलेली, हेही बघा.

विमान कंपनीचा रस्ता मात्र वेगळा आहे. माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून 7 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करायची असते. सही करताना "चेन तुटली" असा शेरा मारला नसेल तर बॅग चांगल्या अवस्थेत मिळाली असं गृहीत धरतात. ते खोडून काढणं अवघड आहे, अशक्य नाही. आजच ईमेल करा, फोटो जोडा. फोनवर सांगितलेलं मोजत नाहीत.

तिठ्यावरचो
आज सातवो दिवस. करतंय.

पागोळी (चिपळूण)
कोकणातून निघणाऱ्यांनी उशिराचं कलम वेगळ्या नजरेने वाचावं. जुलै 2024 मध्ये दिवाणखवटीजवळ रुळावर दरड आली आणि गाड्या अडकल्या. त्यामुळे मुंबईचं विमान चुकलं तर "उशिराचं कलम आहे ना" म्हणून भागत नाही. ते कलम तुमचं विमान ठरल्या वेळेपेक्षा इतके तास उशिरा सुटलं तरच चालतं. इथे विमान वेळेवर गेलं, तुम्ही पोचला नाहीत.

दोन व्याख्या शोधून शेजारी ठेवा, "कॉमन कॅरियर" म्हणजे कोणती प्रवासी वाहनं धरली आहेत ती, आणि "प्रवासाची सुरुवात". पहिलीत रेल्वे दिसली की लोक खूश होतात. पण दुसरीत प्रवास भारतातल्या विमानात चढल्यावर किंवा इमिग्रेशन ओलांडल्यावर सुरू होतो असं असेल, तर कुडाळ ते मुंबई हा भाग कवचाबाहेर राहिला. विमान चुकण्याचं स्वतंत्र कलम काही प्लॅनमध्ये असतं, त्यातही कारणांची यादी असते.

कोकमसार
पण रेल्वेने पत्र दिलं की गाडी सात तास लेट होती, तर?

पागोळी
पुरावा होईल, कवच नाही. मात्र व्याख्येत रेल्वे असेल आणि प्रवास "घरातून निघाल्यापासून" असं लिहिलेलं असेल, तर भांडायला जागा आहे. असं वाक्य असलेल्या पॉलिसीत दावा पास झाल्याचं कोणाला माहीत असेल तर त्यांनी लिहावं.

सुरंगी
आणि आजारपण? बाबांना रक्तदाबाची गोळी आहे. फॉर्ममध्ये लिहायची राहिली. एजंट म्हणतो राहू दे, प्रीमियम वाढेल.

खाडीकाठ
राहू देऊ नका. निघण्याआधी कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती करून घ्या. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी डॉक्टरांच्या टिपणातून बाहेर येतोच, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न "कोणती औषधं चालू आहेत" हाच असतो. आणि आधीपासूनच्या आजाराचं कलम वेगळं वाचा. बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो, किंवा जीव धोक्यात असेल तेव्हा स्थिर होईपर्यंतच आणि कमी रकमेपर्यंत खर्च मिळतो. पहिल्या पानावरचे 30,000 युरो अशा वेळी पूर्ण उपलब्ध नसतात.

दुसरी गोष्ट फोनची. पॉलिसीवर परदेशातल्या मदतकेंद्राचा नंबर असतो. दाखल होताना, निदान 24 तासांच्या आत, तिथे कळवा. कॅशलेसची सोय बहुधा दाखल रुग्णासाठी असते. नुसत्या तपासणीचे पैसे आधी आपण भरून नंतर मागावे लागतात आणि त्यातून डिडक्टिबल, म्हणजे आपणच सोसायची ठरलेली रक्कम, वजा होते. 100 डॉलर डिडक्टिबल आणि 90 डॉलरचं बिल, तर काहीच हाती येत नाही.

सुरंगी
दुरुस्तीचा ईमेल आत्ता पाठवला. गाडीचं तिकीट एक दिवस आधीचं करतेय, मुक्काम पनवेलला मावशीकडे. कुरियरच्या पावतीवर वेळ लिहून घेण्याचं बाबांच्या लक्षात राहील का, ते मात्र बघायचंय.