मदत हवी आहे: ऑफिसातलं व्हर्च्युअल मशीन रात्रीतून बंद पडतं, टाइप वन हायपरवायझरवर जावं का?

मृण्मयी_पेठ
नारायण पेठेत आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. हिशेबाचा जुना प्रोग्राम फक्त विंडोज ७ वर चालतो. म्हणून रिसेप्शनच्या विंडोज ११ प्रो मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ टाकलंय आणि बाकीचे सगळे नेटवर्कवरून तिथला डेटा उघडतात. त्रास असा की मधूनच एखाद्या सकाळी कुणाचंच काही उघडत नाही. बघावं तर विंडोजने रात्री अपडेट घेऊन रीस्टार्ट मारलेला असतो, समोर लॉगिनची स्क्रीन आणि व्हर्च्युअल मशीन बंद. गेल्या वेळी डेटाची फाइलही खराब झाली, बॅकअपमधून आणावी लागली. हार्डवेअरवाला म्हणतो, टाइप टू काढा, नवीन सर्व्हर घेऊन टाइप वन टाका. एवढी गरज आहे का? प्रोग्रामच्या लायसन्सचा यूएसबी डोंगल याच मशीनला लावलाय.

रोहन_हडपसर
तो बरोबर सांगतोय ताई. टाइप टूच्या खाली आख्खं विंडोज असतं, म्हणून ते रखडतं. प्रॉक्समॉक्स टाका, दुप्पट वेगाने पळेल.

जोशीकाका_कोथरूड
रोहन, खाली विंडोज असतं हे खरं, पण वेगाचं तसं नाही. प्रोसेसरमध्ये VT-x असलं की आतल्या विंडोजचं बहुतेक काम थेट प्रोसेसरवरच होतं. हिशेबाच्या प्रोग्रामला फरक जाणवायचाही नाही.

मृण्मयीताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. व्हर्च्युअलबॉक्स हा विंडोजच्या लेखी एक्सेलसारखाच एक प्रोग्राम, कुणीतरी लॉगिन करून उघडलेला. रीस्टार्टची वेळ आली की विंडोज तो बंद करतं आणि आतल्या विंडोज ७ ला वायर उपटल्यासारखं होऊ शकतं. फाइल बहुधा त्यातच गेली. नंतर कुणी लॉगिन करून मशीन चालू करेपर्यंत सगळं ठप्प. टाइप वनमध्ये हायपरवायझर थेट हार्डवेअरवर बसतो आणि व्हर्च्युअल मशीन सुरू करणं हे त्याचंच काम, लॉगिनची वाट बघावी लागत नाही.

नवीन खरेदीच्या आधी हायपर-व्ही बघा. तुमच्या प्रो आवृत्तीत तो आहे, होम असतं तर नसता.

रोहन_हडपसर
पण काका, हायपर-व्हीसुद्धा विंडोजमध्येच चालू करतात. मग तोही टाइप टूच झाला की.

जोशीकाका_कोथरूड
दिसतं तसं खरं. पण चालू करून रीस्टार्ट केलं की हायपर-व्ही खाली जातो आणि तुमचं नेहमीचं विंडोजच त्याच्यावर चालायला लागतं, फक्त त्याला जास्त अधिकार असतात. `systeminfo` चालवून शेवटी बघ, `A hypervisor has been detected` असं येईल. त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्स उघडलास तर व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसेल. म्हणजे त्याला प्रोसेसर थेट मिळत नाहीये. रखडणं बऱ्याचदा तिथून येतं.

ताई, आधी विंडोज ७ नीट शट डाउन करा आणि डिस्कची वेगळी प्रत काढा:

```
VBoxManage clonemedium disk hisheb.vdi hisheb.vhd --format VHD
```

हायपर-व्हीत `Generation 1` निवडून ती प्रत जोडा. `Automatic Stop Action` मध्ये `Save` ठेवा आणि `Automatic Start Action` मध्ये कायम सुरू होण्याचा पर्याय घ्या. मग रात्री अपडेट आलं तर मशीन आहे त्या स्थितीत जतन होईल आणि विंडोज उठल्यावर आपोआप पुढे चालू लागेल. गुरुवारी लाइट गेली तर मात्र यातलं काही कामाला येत नाही, त्याला यूपीएसच हवा.

अथर्व_सिंहगडरोड
काका, मला कॉलेजच्या प्रॅक्टिकलला लॅपटॉपवर लिनक्स हवंय. मीपण टाइप वन टाकू का?

जोशीकाका_कोथरूड
नको रे. व्हर्च्युअलबॉक्सच घे. प्रयोग करायच्या आधी स्नॅपशॉट काढ, बिघडलं तर मागे जा, काम झालं की बंद कर. तुझ्यासमोर स्क्रीन आहे, कीबोर्ड आहे, टाइप टू अशाच वापरासाठी आहे.

मृण्मयी_पेठ
काका, डोंगलचं राहिलं.

जोशीकाका_कोथरूड
खरी अडचण तीच. हायपर-व्ही असा यूएसबी डोंगल आतल्या मशीनला सरळ देत नाही. प्रॉक्समॉक्स देतो, पण त्याला स्वतंत्र मशीन लागेल. त्याच्या स्क्रीनवर नुसती काळी लॉगिनची ओळ येते, बाकी सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून ८००६ पोर्टवर करायचं. रिसेप्शनला बसून त्यावर पत्रं टाइप करता येणार नाहीत. यूएसबी नेटवर्कवरून देणारी पेटीही मिळते.

सविता_चिंचवड
आमच्या वर्कशॉपच्या डोंगलला ती पेटी चालली नाही. प्रोग्राम सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने लायसन्स नाही म्हणायचा. प्रत्येक डोंगलचं वेगळं असेलही.

मृण्मयी_पेठ
मग प्रोग्रामवाल्यांना डोंगलशिवाय लायसन्स मिळेल का ते आधी विचारते. तोवर रविवारी ऑफिस बंद असताना प्रतीवर हायपर-व्ही लावून बघते. इथे कुणी जुना डोंगल नेटवर्कवरून चालवला असेल तर कुठली पेटी घेतली ते कृपया सांगा.