अनुभव धागा: डेडलाइनच्या आधी टीमला "कुठपर्यंत आलंय" कसं विचारता?

अजिंक्यताऱ्याखाली
नमस्कार मंडळी. साताऱ्यात घरून काम करते, टीम पुण्या-सांगलीत विखुरलेली, नुकतीच लीड झालेय आणि शुक्रवारी रिलीज आहे. सारखं विचारणारा लीड कसा वाटतो ते मी आधीच्या नोकरीत सोसलंय त्यामुळे तसं करायचं नाहीये, पण विचारलंच नाही तर गुरुवारी रात्री कळतं की एक काम सोमवारपासून अडूनच होतं. विचारलं की "होतंय" येतं, नाहीतर "नव्वद टक्के झालं", आणि उरलेले दहा टक्के उरलेलेच राहतात. तुम्ही कधी विचारता, नेमक्या कुठल्या शब्दांत, ते लिहा. आयटीच पाहिजे असं नाही.

हळदपेठ
सांगलीत टॅक्स ऑफिसमध्ये आहे, हाताखाली चार असिस्टंट. आमची डेडलाइन दर महिन्याची, 20 तारीख, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-3बी. ती उलटली की दिवसाला 50 रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज, भुर्दंड पार्टीला आणि बोलणी आम्हाला.

आमच्याकडे "झालं" ह्या उत्तराचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा निघायचा. एकाचं झालं म्हणजे हिशोब काढला, दुसरीचं झालं म्हणजे पार्टीला रक्कम कळवली. पण पार्टीने चलन भरल्याशिवाय रिटर्न जातच नाही, म्हणजे काम दोघांचंही बाकी आणि खोटं कुणीच बोलत नाही. म्हणून टक्केही बंद केले आणि "झालं का"ही बंद. शीटवर प्रत्येक पार्टीपुढं पाच खाने आहेत, बिलं आली, 2बीशी जुळलं, रक्कम कळवली, चलन भरलं, रिटर्न गेलं. 2बी म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांची पोर्टलवर येणारी यादी. खूण ज्याची त्याने करायची, मी नुसती बघते, आणि जिथं खूण हलत नाही तेवढ्याच फाइलचं विचारते.

गेल्या महिन्याचंच सांगते. 2बी 14 ला येतं आणि मी 16 ला संध्याकाळी शीट बघते, ते अशासाठी की तेव्हा हातात चार दिवस असतात. 19 ला विचारलं तर काहीही उत्तर आलं तरी करता काही येत नाही, नुसता दोघांना ताप. एका मसाल्याच्या व्यापाऱ्याची फाइल "जुळलं"च्या आधीच थांबलेली. असिस्टंटला मेसेज केला तो असा, "ह्यांचं 2बी जुळणं थांबलेलं दिसतंय. उद्या 12 पर्यंत त्यांना रक्कम सांगायचीय, कारण पैशांची सोय करायला त्यांना दोन दिवस लागतात. नक्की काय मिळत नाहीये, आणि मी कुणाला फोन करू?" लगेच उत्तर आलं. एका सप्लायरने त्याचं विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-1, 11 तारखेनंतर भरलं होतं त्यामुळे त्याची बिलं ह्या 2बीत आलीच नाहीत, पुढच्या महिन्यात येणार, आणि आमचा पोरगा त्या सप्लायरला फोनवर फोन लावत बसलेला, तो काही उचलत नव्हता. मी म्हटलं त्या बिलांवरच्या कराचं क्रेडिट ह्या महिन्यात सोड, वाढीव रक्कम कळवून टाक. पार्टीला जास्त पैसे भरायला सांगायचं हे त्याच्या अधिकारात नव्हतं, माझ्या होतं, आणि मी विचारलं नसतं तर तो 20 पर्यंत फोनच करत राहिला असता.

कोरेगावचा मामा
ताई तुमचं बरोबर हाय पण मेसेज कशाला पायजे मी म्हणतो. मी सातारा एमआयडीसीत शॉपवर सुपरवायझर. डिस्पॅचच्या दोन दिस आधी सरळ मशीनपशी जातो आणि विचारतो. टक्के आमच्यात कुणी सांगतच न्हाय, नग सांगायचे, ओके किती, रिजेक्ट किती, प्लेटिंगला गेल्यालं आलं का. शंभरातलं साठ ओके, तीस प्लेटिंगवाल्याकडं, धा मशीनवर. मग मला कळतं की आपल्या पोरास्नी घाई करून काय उपेग न्हाय, गाडी प्लेटिंगवाल्याकडं धाडायला पायजे. समोर जाऊन विचारलं की माणूस लपवत न्हाय. लिहून विचारू नका, हे माझं मत.

मिरज जंक्शन
मामा, नग मोजायचं एकदम पटलं, पण समोर उभं राहिल्यावर लपवत नाही हे मात्र नाही पटलं, समोर माणूस उभा असला की "होईल साहेब" हेच तोंडातून येतं.

मी सांगलीतून पुण्याच्या कंपनीचं काम करते, टीममधली सगळ्यात ज्युनियर, म्हणजे ज्यांना विचारलं जातं त्यांच्यातली. आधीच्या लीडचा मेसेज नुसता "एनी अपडेट?", दिवसातून तीनदा, वर मॅनेजर पण त्याच ग्रुपवर. आणि "अडलंय" लिहिलं की लगेच कॉल, त्यावर तिघं जण, स्क्रीन शेअर कर, हे का केलं ते का नाही केलं, अर्धा दिवस गेला. मग आम्ही सगळेच "होतंय" लिहायला शिकलो. त्यामुळे अजिंक्यताऱ्याखाली ताई, तुम्ही कसं विचारता ह्यापेक्षा खरं उत्तर दिल्यावर पुढं काय होतं ते टीम जास्त बघते हो.

आताचे दादा विचारतात ते असं, "4 वाजता क्लायंटला सांगायचंय की पेमेंटची स्क्रीन डेमोत घ्यायची की नाही, नसली तरी चालेल, त्यांना लॉगिन आणि ऑर्डर दाखवू. तुला काय वाटतं?" नाही म्हणायला जागा असते ना, म्हणून खरं सांगता येतं. मी सांगितलं की टेस्टिंगवाल्या गेटवेचं उत्तर परत येत नाहीये, डेमोत नको. त्यांनी बरं म्हटलं आणि विषय संपला.

कराडचा छापखाना
इथं पण तेच, लग्नसराईत पत्रिकावाले दिवसातून दहा फोन करतात, झालं का झालं का. प्रूफ त्यांनीच दोन दिवस दाबून ठेवलेलं असतं. अशांना काय उत्तर द्यावं?

अजिंक्यताऱ्याखाली
दादा मी टीमला विचारायचं म्हणत होते, तुमचं गिऱ्हाईकाचं झालं. पण प्रूफ त्यांच्याकडंच अडलंय हे महत्त्वाचं आहे, आमच्यातही एकाचं काम माझ्याच अप्रूव्हलसाठी थांबलेलं असू शकतं. आधी ते बघते.

पाटणचे गुरुजी
आमच्याकडे शाळांची माहिती पोर्टलवर भरायची असते. रात्री 11 ला ग्रुपवर "अति तातडीचे", खाली माहिती न भरलेल्या शाळांची नावं. ह्याचा मला मनापासून त्रास होतो. डोंगरातल्या शाळेत रेंज नाही, दिवसा पोर्टल चालत नाही, शिक्षक संध्याकाळी खाली गावात येऊन भरतो आणि त्याच वेळी त्याचं नाव ग्रुपवर झळकलेलं असतं. नाव टाकणाऱ्याने एकदा फोन करून रेंज आहे का एवढं जरी विचारलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

हळदपेठ
गुरुजी, तुमचं दुखणं खरं आहे, पण शीट तर आमच्यातही सगळ्यांना दिसते, कुणाची खूण नाही ते दिसतंच. त्याचं कुणाला वाईट वाटलेलं मला जाणवलं नाही.

पाटणचे गुरुजी
तुमची चार माणसं एका खोलीत बसतात, कोण कशाने अडलंय ते एकमेकांना ठाऊक असतं. आमच्या ग्रुपवर शंभर माणसं आहेत. मला तरी दोन्ही सारखं वाटत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
सगळ्यांचं वाचून उद्या सकाळी टाकायचा मेसेज लिहिलाय, बघा जरा: "शुक्रवारच्या रिलीजमध्ये काय घ्यायचं ते बुधवारी 3 वाजता ठरवायचंय, त्याआधी 1 पर्यंत बोर्डावर आपापल्या कामापुढं काय उरलंय आणि ते कुणाकडं आहे एवढं लिहा. त्यानंतर मी गुरुवार दुपारपर्यंत विचारणार नाही. काही अडचण असल्यास कळवा."

मिरज जंक्शन
शेवटची ओळ काढा ताई. त्यावर कुणी कधीच कळवत नाही. त्याऐवजी लिहा, "एखादं काम शुक्रवारपर्यंत होणार नाही असं वाटत असेल तर त्यापुढं 'पुढच्या रिलीजला' लिहा, त्याचं कारण मी मागणार नाही."

कोरेगावचा मामा
आणि कारण मागणार न्हाय म्हटल्यावर खरंच मागू नका.

अजिंक्यताऱ्याखाली
ओळ बदलली. पण मामा, पेमेंटचं काम पुढं ढकललं तर क्लायंट मला कारण विचारणारच, आणि तेव्हा मला काहीतरी सांगावं लागेल. तेवढं कसं करायचं ते अजून सुचत नाहीये, कुणी केलं असेल तर लिहा.